मूळव्याध : मिरची सोडली, कुंथणे सुटले नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मूळव्याध झाली की घरात पहिली बंदी मिरचीवर येते आणि दुसरी थंड फरशीवर, देवळाच्या पायरीवर बसण्यावर. मी सर्जरीच्या ओपीडीत परिचारिका होते. तिथे ही दोन्ही पथ्ये काटेकोर पाळणारे कितीतरी जण यायचे. रक्त पडायचे थांबलेले नसायचे.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. शौचाला कडक झाले, रोज कुंथावे लागले की त्या फुगून खाली सरकतात. गरोदरपणातही हा त्रास होतो. दगडाच्या गारव्याचा याच्याशी संबंध नाही. मिरचीचे म्हणाल तर इटलीतल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये रुग्णांना एकदा मिरचीपुडीची आणि एकदा नुसतीच कॅप्सूल देऊन पाहिली. त्रासात फरक पडला नाही. फिशर म्हणजे चीर असेल तर मात्र तिखट झोंबते, आणि आपल्याकडे दोन्हींना सरसकट मूळव्याधच म्हणतात.

पन्नाशीचे एक किराणा दुकानदार आठवतात. तिखट कधीच सोडलेले, पण जेवण भात आणि चहा-खारीचे, पाणी जेमतेम, सकाळी मोबाइल घेऊन अर्धा तास संडासात. कापतील या भीतीने कित्येक महिने डॉक्टरकडे फिरकले नाहीत. तपासणीत दुसऱ्या पायरीची मूळव्याध निघाली, म्हणजे कोंब जोर केल्यावर बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. रात्री ग्लासभर पाण्यात दोन चमचे इसबगोल, जेवणात भाकरी, उसळ, पालेभाजी, आणि संडासात पाच मिनिटांवर बसायचे नाही, एवढेच सांगितले. दीड महिन्यात रक्त कमी झाले, थांबले नाही. मग ओपीडीतच कोंबाच्या मुळाशी रबराची बारीक रिंग बसवली. त्या जागी वेदना फारशी कळत नाही, त्यामुळे भूल लागली नाही. रक्तपुरवठा तुटून कोंब आठवड्याभरात गळतो. त्या दिवशी थोडे रक्त दिसू शकते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगायचे. हे गृहस्थ त्याच दुपारी चालत घरी गेले.

कोंब कायम बाहेर राहत असेल किंवा रिंगनेही भागले नाही, तर ऑपरेशनचा विचार होतो. बहुतेकांवर ती वेळ येत नाही. पण तिच्याच धास्तीने लोक खांबावरच्या ‘बिना ऑपरेशन’वाल्या पाट्या वाचून नको तिथे इंजेक्शन घेतात आणि जखम चिघळवून येतात.

त्या दुकानदारांची दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणीही केली होती. ‘मूळव्याधच तर आहे, मग ती कशाला?’ असे त्यांची बायको विचारत होती. त्या वयात रक्त पडते तेव्हा आतड्याचा कॅन्सर नाही ना, हे पाहावेच लागते. शौचाची सवय अचानक बदलली, वजन उतरले किंवा रक्त काळसर पडू लागले, तर वय कितीही असो, इसबगोलवर थांबू नये.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा