बावन्न वजा सत्तावीस: तिसरीतल्या एका मुलाच्या आईबाबांचे आभार

ताई, दादा, नमस्कार.

शनिवारी ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी भाजीची गाडी शेजाऱ्यांवर सोपवून दोघंही शाळेत आलात, त्याबद्दल आभार. त्याहून जास्त आभार ताई सहज बोलून गेल्या त्याचे: "बाई, गाडीवर तर तो सुट्टे बरोबर परत देतो." माझ्या नोंदवहीत त्याच्यापुढे महिनाभर नुसतं 'वजाबाकी कच्ची' लिहिलेलं होतं. हे पत्र तुम्हाला विचारून, नाव न घालता फलकावर लावतेय. हीच चूक वर्गात आणखी चार-पाच जणांची आहे.

५२ मधून २७ गेले की तो ३५ लिहितो. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातूनच दोन काढतो. बिनहातच्याची गणितं सगळी बरोबर येतात, त्यामुळे दहापैकी सहा गुण मिळतात आणि हे झाकून जातं. तुमच्यासमोर त्याला दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी दिली, सत्तावीस मागितले. दोन नोटा दिल्या, नाण्यांपाशी अडला, आणि म्हणाला, "बाई, दहाचे सुट्टे द्या ना." बारा नाण्यांतली सात दिली. उरल्या दोन नोटा, पाच नाणी. हातचा त्याला येतो, फक्त वहीत त्याला तो ओळखू येत नाही.

म्हणून ठरलं ते असं. घरी रोज तीनच गणितं, आधी पैशांनी आणि लगेच तेच वहीत. नोट मोडली की दशकाच्या घरातला ५ खोडून वर ४ लिहायचा, एककाच्या घरात १२. उत्तर ताईने सांगायचं नाही (मोठी ताई, म्हणजे तुमची लेक, तिला फार घाई असते). उत्तर आलं की पडताळा त्याचा त्यानेच घ्यायचा: ३५ मध्ये २७ मिळवले तर ६२ होतात, ५२ नाही, हे त्याला स्वतःलाच दिसू दे.

वर्गात मी रोज पाच गणितं देईन, त्यात ६८ − २५ सारखी दोन बिनहातच्याची मुद्दाम घालेन. हातचा नवा नवा जमला की मुलं गरज नसतानाही दशक मोडत सुटतात. तो तसं करू लागला, तर नुसती रीत पाठ झालीय असं समजू. ४०२ सारख्या, मध्ये शून्य असलेल्या संख्या तूर्त नकोत.

दादा, शिकवणीचं तुम्ही तीन आठवडे थांबवलंत, तेही बरं केलंत. तोवर वहीत ओरडून खोडलेलं एकही पान नको, एवढं तुम्ही कबूल केलंय, मी लिहून ठेवलंय! तीन आठवड्यांनी शनिवारीच भेटू, शाळा सुटल्यावर. येताना घरची वही आणा, खाडाखोडीसकट.

आपली,
वर्गशिक्षिका, इयत्ता तिसरी