डाव्या बाजूचे दहा वाजता

प्रिय सुहास,

मॅमोग्राफीच्या रिपोर्टमधून बायरॅड्सची, म्हणजे कर्करोगाची शंका किती ते सांगणाऱ्या 0 ते 6 या वर्गांची, नोंद काढून तक्त्यात कशी भरायची, असं तू विचारलं होतंस. एकच रिपोर्ट घेऊ, म्हणजे अडचण कुठे येते ते दिसेल.

समज, तपासणीच्या रिपोर्टमध्ये असं लिहिलंय: उजव्या स्तनात विखुरलेली सौम्य कॅल्सिफिकेशन्स. डाव्या स्तनात वरच्या बाहेरच्या भागात, 10 वाजताच्या जागी, 12 मिलिमीटरची अंडाकृती गाठ, कडा झाकलेल्या. सोनोग्राफी करावी. बायरॅड्स 3.

आधी प्रत्येक बाजूची वेगळी ओळ कर. उजवीकडे फक्त सौम्य कॅल्सिफिकेशन्स, म्हणजे कॅल्शियमचे निरुपद्रवी ठिपके, आहेत. ती वर्ग 2 ला शोभतात, पण रिपोर्टमध्ये त्या बाजूचा आकडा दिलेला नाही. म्हणून रकाना रिकामाच ठेव. खालचा 3 उचलून दोन्ही ओळींत टाकायचा मोह होतो, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

आता डावी बाजू. स्तनावरची जागा घड्याळाच्या तबकडीवरच्या तासांनी सांगतात, आणि हे घड्याळ रुग्णाकडे तोंड करून वाचायचं असतं. डाव्या स्तनाची बाहेरची बाजू तेव्हा आपल्या उजव्या हाताला येते, म्हणून वरचा बाहेरचा भाग 12 ते 3 च्या दरम्यान पडतो. 10 वाजता म्हणजे आतली बाजू. उजव्या स्तनात मात्र 10 वाजता ही बाहेरची बाजू ठरते. म्हणजे रिपोर्टमध्ये एकतर तास चुकलाय, नाहीतर भाग, किंवा बाजूच. यातलं कुठलं ते तू ठरवायचं नाहीस. रिपोर्टमधले शब्द जसेच्या तसे लिही, खूण कर आणि रेडिओलॉजिस्टकडे परत पाठव. बायोप्सीची सुई चुकीच्या बाजूला जाऊ शकते. इथे घाई परवडत नाही.

दुसरी विसंगती वर्गाची. कडा झाकलेल्या म्हणजे वरच्या ऊतींमुळे गाठीची किनार नीट दिसत नाही. सोनोग्राफी अजून व्हायची आहे, तर तपासणी अपुरी, आणि अपुऱ्याला वर्ग 0 आहे. वर्ग 3 म्हणजे पूर्ण तपासणीनंतर कर्करोगाची शक्यता 2 टक्के किंवा त्याहून कमी. त्याची पुढची पायरी साधारण 6 महिन्यांनी पुन्हा चित्रण. इथे आकडा 3 आणि सल्ला 0 चा. तरी तू खोडून 0 लिहू नकोस. वर्गाच्या रकान्यात 3, सल्ल्याच्या रकान्यात सोनोग्राफी आणि शेरा: ‘वर्ग व सल्ला जुळत नाहीत’. वर्ग 4 किंवा 5 सोबत बायोप्सीऐवजी नुसतं 6 महिन्यांनी बोलावलेलं दिसलं, तरीही असाच शेरा मार. (4 च्या पोटात 4ए, 4बी, 4सी असतात; रिपोर्टने अक्षर दिलं नसेल तर नुसता 4.)

दोन्ही बाजूंचे वर्ग हातात आले की एकूण वर्ग सर्वांत चिंताजनक बाजूचा, सर्वांत मोठ्या आकड्याचा नव्हे. उजवीकडे 2 आणि डावीकडे 0 असेल तर एकूण 0, कारण काम अर्धवट राहिलंय. संगणकाला ‘मोठा आकडा निवड’ असं सांगितलं तर तो 2 काढतो, आणि सोनोग्राफीचा सल्ला त्या 2 खाली दडून जातो.

दुरुस्त रिपोर्ट आला की जुनी ओळ पुसू नकोस. नवी तारीख घालून खाली जोड.

तुझा,
अविनाश