शिल्लक दिवसातून एकदा कळवा, खर्च मात्र त्याच क्षणी

मा. संपादक,
स. न.

आमच्या सहकारी बँकेच्या शाखेत, खात्यातील शिल्लक रकमेचा संदेश यापुढे सभासदांना दिवसातून एकदाच, सायंकाळी पाठवला जाईल, अशी सूचना लावली आहे. संदेशांचा खर्च बँकेला परवडत नसेल, तर ते समजण्यासारखे आहे. मात्र पैसे खात्यातून जाताना येणारा संदेश चालू राहणार की तोही बंद होणार, याविषयी या सूचनेत एक शब्दही नाही आणि माझा आक्षेप नेमका तेथेच आहे.

समजा, रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादकाच्या खात्यात सकाळी १८,४०० रुपये आहेत. दुपारी व्यापाऱ्याचे ६२,००० रुपये जमा होतात आणि तासाभरात कोणीतरी तीन वेळा वीस-वीस हजार काढून घेतो. सायंकाळच्या संदेशात शिल्लक दिसते २०,४००. शेतकऱ्याला वाटते, पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता आला, केळीचे पैसे अजून यायचे आहेत. तो व्यापाऱ्याला फोन करतो, दोन दिवस वाट पाहतो आणि साठ हजार गेल्याचे त्याला पासबुक भरून घेतल्यावरच कळते. दिवसअखेरची शिल्लक ही जमा आणि खर्च यांची वजाबाकी असल्याने त्यात चोरी लपून जाते.

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांसाठी काढलेल्या परिपत्रकात इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचा एसएमएस पाठवणे बंधनकारक केले आहे. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कोणाची असेल, तर बँकेकडून माहिती मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार करणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी तक्रार केल्यास काही भार त्याला सोसावा लागतो. (ओटीपी स्वतःच कोणाला सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचेच.) केवळ शिल्लक सांगणारा संदेश म्हणजे ‘माहिती मिळाली’ असे उद्या कोणी धरले, तर वरील शेतकऱ्याचे दिवस त्याला काही ठाऊक नसतानाच मोजले जातील. शिवाय सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते खरी, पण ती तेथून काढली जाण्यापूर्वी. त्यामुळे सायंकाळपर्यंतचा उशीरही महागात पडू शकतो.

शिल्लक दिवसातून एकदा कळवण्यास आणि दुकानदारांच्या बारीकसारीक जमा रकमांचे संदेश एकत्र करण्यास माझी हरकत नाही. परंतु खात्यातून रक्कम जाताच ती किती, किती वाजता आणि कोणत्या मार्गाने गेली, हे सांगणारा संदेश त्याच क्षणी यावा आणि त्यालाच उत्तर देऊन हरकत नोंदवता यावी. ही सोयही त्या परिपत्रकात सांगितलेली आहे. संचालक मंडळाने नवी पद्धत लागू करण्यापूर्वी सुधारित सूचना काढून हे स्पष्ट लिहावे, ही विनंती.

आपला,
एक सभासद-वाचक,
सावदा (ता. रावेर, जि. जळगाव)