काकू, तुम्ही लिहिलेल्या त्या "दादा"साठी

प्रिय काकू,
सा. न.

तुमचे आभार तोंडावर मानायला गेले तर रडू येईल, म्हणून इथेच सगळ्यांसमोर मानते.

दादाने आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनवरून लिहिलं होतं, "तू जवळ राहतेस, एवढं तर करशीलच." माझं उत्तर तयार होतं: "वा! साहेबांना मीटिंगमधून वेळ मिळाला, आमचं भाग्य. खर्च म्हणे मीच करायचा. आपण फक्त सल्ले द्या." ज्या नातेवाइकांना ते दाखवलं, त्यातल्या निम्म्यांनी "बरोब्बर, सुनाव!" म्हटलं आणि उरलेल्यांनी "सोडून दे, मोठा आहे तो." माझे 42,000 रुपये आणि माझा राग, दोन्ही खरे आहेत, असं एकानेही म्हटलं नाही.

तुम्ही पेन्सिल घेऊन चारच शब्दांखाली रेघ ओढलीत: वा, साहेब, म्हणे, आपण. ज्याला जन्मभर "तू" म्हटलं त्याला "आपण" म्हटलं की तो परका होतो. "म्हणे" लिहिलं की तो खोटा ठरतो. शिवाय टोमण्याला उत्तर टोमण्यानेच येतं, पैशांचा प्रश्न बाजूलाच राहतो. तुम्ही विचारलंत, "हे वाचून त्याने नेमकं काय कळवायचं?" माझ्या मजकुरात एकही प्रश्न नव्हता.

मग सगळा राग गाळून मी लिहिलं, "खर्चाचा तपशील सोबत जोडला आहे." तेही तुम्ही परत केलंत. इतकं कोरडं पत्र नोटिशीसारखं वाटतं, भाऊ आणखी दुखावतो. "मला राग नाही, पण" हेही खोडलंत, कारण त्या "पण"नंतरचंच तेवढं वाचलं जातं. लागलंय ते एकदाच, स्वतःच्या नावाने लिही, म्हणालात.

शेवटी गेलं ते असं: "दादा, 'एवढं तर करशीलच' हे वाचून मला लागलं. ऑपरेशनचे 42,000 मी भरलेत. निम्मे तू कधी देऊ शकशील? आईच्या डोळ्यांत दिवसातून 4 वेळा थेंब घालावे लागतात. शनिवार-रविवार येशील का?"

यात रक्कम मी लिहिली तेवढीच राहिली, तक्रारही राहिली. पण सुरुवातीचं "दादा" माझं नव्हतं. माझ्या दोन्ही मजकुरांत हाक नव्हतीच. तुम्ही ती समासात बारीक अक्षरात लिहिलीत, पुढे उद्गारचिन्ह नाही, नुसता स्वल्पविराम, कारण "वा दादा!" हाही टोमणाच झाला असता. तसं साधं "दादा" लिहिल्यावर पुढे "आपण" लिहायला हातच उठेना, "तू" आपोआप आलं. दुसऱ्याच्या घरातली हाक इतक्या जपून परत ठेवणारी माणसं अजून शेजारी राहतात, याचा मला फार आधार वाटतो.

पाठवण्याआधी एक रात्र थांबून, सकाळी त्याच्या सर्वांत चिडक्या आवाजात वाचून बघ, हेही तुमचंच सांगणं. वाचलं. कुठे बोचलं नाही.

दादाचं उत्तर आलंय: "निम्मे 5 तारखेला टाकतो. शनिवारी येतो. थेंब कोणते ते लिहून ठेव." मला लागलं त्याबद्दल एक अक्षर नाही. शनिवारी पोहे करणार आहे, तुम्हीही या.

तुमची,
समोरच्या घरातली