स्लिप निघाली म्हणजे पैसे आले नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी छोट्या दुकानदारांची खाती लिहितो. सणासुदीला कार्डाची विक्री वाढली की प्रत्येकाची तक्रार सारखीच असते: माल गेला, स्लिप निघाली, मग खात्यात पैसे उशिरा का आणि कमी का?

शनिवारी रात्री क्रेडिट कार्डावर 10,000 रुपयांची साडी विकली गेली, असे समजू. स्लिप निघते तेव्हा ग्राहकाच्या बँकेने फक्त मंजुरी दिलेली असते, रक्कम अजून हललेली नसते. दिवसभराचे व्यवहार मशिनच्या 'बॅच'मध्ये साठतात. बॅच बंद होऊन दुकानदाराच्या बँकेकडे गेली, की त्या पैशांची मागणी कार्ड नेटवर्कमार्फत ग्राहकाच्या बँकेकडे जाते. हल्ली बरीच मशिन रात्री हे काम आपोआप करतात. काही ठिकाणी मात्र 'सेटलमेंट' स्वतः करावी लागते, आणि गर्दीच्या दिवशी नेमके तेच राहून जाते. बॅच उघडीच राहिली तर पैसे येत नाहीत, आणि फार दिवस गेले तर मंजुरीची मुदतही संपू शकते.

बॅच वेळेत गेली आणि करारात 'पुढचा कामकाजाचा दिवस' असेल, तर शनिवारचे पैसे सोमवारी येतात. समजा बँकेचे शुल्क 1.8 टक्के आहे. म्हणजे 180 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 32.40 रुपये वजा होऊन हाती पडतात 9,787.60. तेही वेगळे नाहीत, दिवसभराच्या बाकी कार्डविक्रीसह एकाच रकमेत. पासबुकात त्या एका ओळीवरून कोणत्या साडीचे पैसे आले हे कुणालाच कळत नाही. एखादा व्यवहार अडकला, तर तो सापडायला महिनाअखेर उजाडते.

क्यूआरचेही तसेच. कोड थेट बँक खात्याला जोडलेला असेल तर यूपीआयचे पैसे लगेच जमा होतात, आणि जानेवारी 2020 पासून साध्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही. पण कोड एखाद्या पेमेंट कंपनीचा असेल, तर रक्कम आधी कंपनीकडे जमा होऊन रात्री किंवा दुसऱ्या दिवशी खात्यात येऊ शकते. स्पीकरमधून 'रुपये प्राप्त झाले' ऐकू येते ते ग्राहकाने पैसे भरल्याचे. ते बँकेत पोचलेच असतील असे नाही.

ज्याला सकाळी घाऊक व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे असतात, त्याला या एका दिवसाने फरक पडतो. म्हणून बँकांनी आणि कंपन्यांनी प्रत्येक जमेसोबत व्यवहारवार तपशील द्यावा: विक्रीची तारीख, बॅच क्रमांक, मूळ रक्कम, शुल्क, कर आणि जमेचा यूटीआर क्रमांक. मागितल्यावर मिळणारा अहवाल पुरेसा नाही, तो दररोज दुकानदाराच्या मोबाइलवर मराठीत आला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने हे बंधनकारक करावे.

आपला,
एक हिशेबनीस, इचलकरंजी