मुक्ताला, बँकेच्या कागदांबद्दल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास, म्हणून लिहायला बसले. खातं न उघडता बँकेतून परत पाठवलं याचं मला काही नाही. पण ती सगळी रोकड पर्समध्ये घालून तू ल्योंच्या मेट्रोतून फिरतेस, त्याने माझा डोळा लागत नाही. असो, हा विषय काढणार नव्हते.

"इल माँक युन पियेस" म्हणाली ना ती बाई? एक कागद कमी आहे, एवढंच. पासपोर्ट होता, व्हिसा होता. नव्हता तो ‘ज्युस्तिफिकातिफ द दोमिसिल’, पत्त्याचा पुरावा, तोही तीन महिन्यांच्या आतला. तू शलाकाकडे राहतेस, वीजबिल तिच्या नावाचं, मग तुझ्या नावाचा पुरावा येणार कुठून? अशा वेळी ‘आतेस्तास्याँ देबेर्जमाँ’ चालतं, म्हणजे तू तिच्या घरी राहतेस असं तिचं लेखी पत्र. शलाकाने साध्या कागदावर लिहायचं. सुरुवात "ज सुसिन्ये", म्हणजे मी खाली सही करणार, पुढे तिचं नाव, जन्मतारीख, पत्ता. मग "सर्तिफी स्युर लॉनर एबेर्जे आ माँ दोमिसिल", माझ्या घरी राहते असं शपथेवर सांगते, आणि तुझं पासपोर्टवरचं पूर्ण नाव आणि कधीपासून राहतेस ती तारीख. खाली सही. सोबत तिच्या ओळखपत्राची प्रत आणि तिचं ताजं वीजबिल. तिन्ही एकत्र टाचून ने. नुसतं पत्र नेलंस तर पुन्हा तेच वाक्य ऐकशील.

आणि तिच्या टपालपेटीवर तुझंही नाव चिकटव. कार्ड टपालाने येतं, पिन वेगळ्या पाकिटातून. पेटीवर नाव नसेल तर पाकीट परत जातं.

आजीच्या हयातीच्या दाखल्याच्या वेळी तू सातवीत होतीस. "आजी समोर उभी आहे की, अजून कसला दाखला?" असं क्लार्कला विचारलं होतंस. बाबा अजून सांगत असतात. तिथे मात्र तसं नको गं. आधी "बोंजूर मादाम", मग "ज व्हुद्रे प्रांद्र राँदेव्हू पूर उव्रीर अँ काँत", खातं उघडायला भेटीची वेळ हवी आहे. बोंजूर न म्हणता कामाचं बोललं की तिथल्या माणसाचा चेहरा बंद होतो. शिकवायला लागले पुन्हा, रागावू नकोस.

तरीही नाहीच म्हणाले, तर वाद न घालता नकाराचं पत्र माग: "पूव्हे-व्हू म दॉने युन लेत्र द रफ्यू?" ते द्यावंच लागतं, फुकट. ते घेऊन बाँक द फ्रांसकडे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे, ‘द्र्वा ओ काँत’चा, खात्याच्या हक्काचा, अर्ज कर. फ्रान्समध्ये राहणाऱ्या आणि तिथे खातं नसलेल्या माणसाचा तो हक्क आहे. अर्ज पूर्ण असला की कामाच्या एका दिवसात ते एक बँक नेमून देतात आणि तिला खातं उघडावंच लागतं. साधंच खातं असतं, पण कार्ड मिळतं.

खातं झालं की ‘रिब’, म्हणजे खात्याच्या तपशिलाचा कागद, मागून घे. घरभाड्याच्या मदतीला आणि पगाराला तोच कागद लागेल. रिबवरचा FR76 ने सुरू होणारा नंबर बाबांना पाठव, ते पैसे तयार ठेवून बसलेत. तोवर रोकड शलाकाच्या कपाटात ठेव, पर्समध्ये नको.

तुझी,
आई