फरशी उचलली साहेबांच्या हौसेनं, वसुली माझ्याकडून?

माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,
यांस सप्रेम नमस्कार.

मी नाशकातला छोटा नोंदणीकृत कंत्राटदार. इथल्या एका सरकारी वसतिगृहाच्या फरशीचं काम मी केलं. फायनल बिल दिवाळीआधी काढतो असा शब्द साहेबांनी दिला होता. दिवाळी गेली, थंडी आली, आणि परवा बिलाऐवजी नोटीस आली. फरशी सदोष आहे, सबब ३ लाख १२ हजारांचं बिल आणि सुरक्षा ठेव रोखली आहे, शिवाय सगळी फरशी नव्यानं बसवण्याचे ७ लाख ६८ हजार भरा. मूळ काम ७ लाख ४ हजारांचं! उत्तराला सात दिवस दिलेत. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, उद्या तिथंच टेंडर भरायचंय. उत्तर तिकडे दिलंच आहे, पण तिथं कागद वाचले जात नाहीत, म्हणून जाहीरपणे तुम्हालाही लिहितो.

काम ६४० चौरस मीटरचं. दोन फूट बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स. त्यातल्या २२ टाइल्स उचलल्या, म्हणजे जेमतेम आठ चौरस मीटर. आणि त्या सगळ्या पहिल्या मजल्यावरच्या तीस मीटर लांब कॉरिडॉरमध्ये, मधोमध, एका रेषेत, दोन टाइल्स एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या राहिल्यात. खोल्यांमध्ये एकही नाही. मिस्त्री तोच, सिमेंट तेच, टाइल्सचा लॉटही तोच. मसाला कच्चा असता तर खोल्या कशा वाचल्या? खाली मसाला नीट भरला नसला की टाइल ठिकठिकाणी पोकळ वाजते आणि खाट सरकवताना तिचा कोपरा तुटतो. इथे तसं कुठेच नाही.

कारण साधं आहे. नवा स्लॅब वाळताना आकसतो, मीटरमागे ढोबळमानानं ०.३ मिलिमीटर. तीस मीटरला नऊ मिलिमीटर झाले. त्यातलं काही आधीच होऊन जातं, पण आमचा स्लॅब ताजा होता आणि उद्घाटनाची घाई होती. वरची टाइल आकसत नाही. तिला सरकायला फट नसेल तर दाब साठत जातो आणि एका थंड रात्री ती फटकन उचलते. निफाडचा पारा उतरला की नाशिकही गारठतं, त्याच आठवड्यात हे घडलं. खोली चार मीटरची, तिच्यात जेमतेम सव्वा मिलिमीटर फरक पडतो, आणि दारात ग्रॅनाइटची पट्टी असल्यानं कॉरिडॉरचा दाब आत जात नाही.

म्हणूनच मी लेखी मागितलं होतं, की टाइल्समध्ये स्पेसर लावून दोन मिलिमीटरची फट ठेवू, भिंतीलगत जागा सोडू आणि दर आठ-दहा मीटरवर लवचीक सीलंट भरलेला एक्सपान्शन जॉइंट देऊ. साहेब म्हणाले, फटीत घाण बसते, दिसायला वाईट, एकाला एक चिकटवून लावा. साइट ऑर्डर बुकात तसा आदेश त्यांच्या सहीनं आहे. टाइल अॅडहेसिव्ह मी दरपत्रकात धरलं होतं, तेही खर्च वाचवायला काटलं. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती तितकीशी धरत नाही, हे बांधकाम शिकलेल्या माणसाला मी सांगायचं?

भारतीय करार कायद्याचं कलम ७३ नुकसानभरपाईची सोय करतं, नवी फरशी फुकट मिळवायची नव्हे. माझं म्हणणं एवढंच, की संयुक्त पाहणी करा. कॉरिडॉर आणि दोन खोल्या ठोकून बघा, तीन ठिकाणी टाइल काढून खालचा मसाला बघा. मग कॉरिडॉर दोन जागी आडवा कापून जॉइंट द्या, कडेला फट मोकळी करा. २२ टाइल्स बसवायची मजुरी मी घेणार नाही. नाहीतर नव्या टाइल्सही पुढच्या थंडीत उचलतील, तेव्हा कोणाला नोटीस काढाल?

इकडे मोरबीचा व्यापारी रोज फोन करतो, बायकोचे दागिने बँकेत आहेत, मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेला. बिल काढलं की अठरा टक्के जीएसटी मी भरायचा, पैसे आलेले नसले तरी. तो उशिरा भरला तर मला व्याज, तुम्ही उशिरा दिलं तर 'निधी उपलब्ध नाही'. कंत्राटदार संघटना २०२५ मध्ये राज्यभरची थकबाकी ८९ हजार कोटी सांगत होत्या. खरा आकडा तुमच्याकडे असेलच, सांगून टाका एकदा. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट आणि रस्ते करायला पैसा आहे, पण झालेल्या कामाचं बिल आलं की शाई संपते. आणि उद्या घाटाची फरशी उखडली तर पकडणार कोणाला? ऑर्डर बुकावर सही करणाऱ्याला तर नक्कीच नाही.

पाहणीला येणाऱ्यांना तेवढं ऑर्डर बुक सोबत आणायला सांगा. माझ्याकडे झेरॉक्स आहे, पण मूळ वही कार्यालयातून गहाळ होऊ नये.

कळावे,
एक कंत्राटदार, सातपूर, नाशिक